विचारायचं तर तिच्या आईला विचार

जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास गणिताचा असला की आमच्या वर्गावर एक पातळशी झोप पसरायची. खिडकीबाहेर करंजाची झाडं होती. त्यांची सावली फरशीवर हलत राहायची आणि पंख्याच्या आवाजात माझाच आवाज मला दुरून आल्यासारखा वाटायचा. हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या आतल्या रस्त्यावरून एखादा भंगारवाला ओरडत जायचा, मग पुन्हा शांत. इतकी वर्षं त्या वर्गात शिकवून मला त्या झोपेची सवय झाली होती. मुलं डुलक्या घेत, मी फळ्यावर खडूने हल्लू टकटक करत असे, आणि डोळे उघडत.

पण खिडकीजवळच्या त्या मुलीचे डोळे मिटलेले नसायचे. ती उघड्या डोळ्यांनी जायची. लिहिता लिहिता पेन्सिल थांबे, पापण्या किंचित फडफडत, नजर कुठेच नसे. मी वाक्याच्या शेवटाशी पोचेपर्यंत ती परत आलेली असे. मग ती वहीकडे अशी बघे, जणू कुणीतरी मधला एक धागा ओढून काढला आहे आणि तो तिला सापडत नाही.

मला त्याचं कारण माहीत होतं. वर्गात इतर कुणाला माहीत नव्हतं.

ती जूनमध्ये पुण्याहून आली. आईची बँकेत बदली झाली होती. विद्यानगरला भाड्याचं घर घेतलं होतं. आठवी 'अ'ची मी वर्गशिक्षिका, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिची आई शाळा सुटल्यावर भेटायला आली. रिकाम्या वर्गात मुलांच्या बाकावर बसली आणि बराच वेळ पर्सच्या चेनशी खेळत राहिली.

"मॅडम, हिला फिट्स येतात. पण पडत वगैरे नाही. नुसती थांबते. काही सेकंद. तिला कळतही नाही. औषध चालू आहे, डॉक्टरांचं पत्र मी ऑफिसात दिलंय."

"हौ, हेडमिस्ट्रेस मॅडमनी मला दाखवलं," मी म्हणाले. "ते त्यांच्या कपाटातच राहतं. मला आणि नर्सला माहीत आहे, बाकी कुणाला नाही."

"तेच सांगायला आले होते. पुण्याच्या शाळेत आम्ही मोकळेपणाने सगळ्यांना सांगितलं. सगळे खूप चांगलं वागले. आणि मग वाढदिवसाला बोलावणं बंद झालं." ती हसली, पण ते हसणं पूर्ण झालं नाही. "इथे तरी तिला नुसती नवीन मुलगी म्हणून राहू दे."

मी तिला सांगितलं की खेळाच्या सरांना मात्र सांगावं लागेल. दोरावर चढणं, पोहण्याची सहल, असं काही असलं तर त्यांना माहीत नसून चालणार नाही. ते तिला पटलं. इतर विषयांच्या शिक्षकांनाही सांगितलं तर उगाच कुणी रागावणार नाही, हेही मी म्हणून पाहिलं. त्यावर ती म्हणाली, "थोडे दिवस थांबा ना." मी थांबले. गोष्ट त्यांची होती. माझ्याकडे ती फक्त ठेवायला दिली होती.

माझी एक मैत्रीण त्याच शाळेत आठवी 'ब'ला गणित शिकवायची. आम्ही दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो. ती बरकतपुऱ्याच्या एका जुन्या मराठी घरातली, वडील-आजोबा वकील. तिचं मराठी माझ्याहून जास्त हैदराबादी, म्हणजे अर्ध्या वाक्यात दखनी आणि रागावली की तेलुगू. डबा आम्ही इतकी वर्षं एकत्र खात होतो की कुणाच्या घरी काय भाजी आहे हे दोन्ही घरांना ठाऊक असे. आणि शिकवायची काय! तिच्या तासाला मी कधी कधी बाहेरच्या व्हरांड्यात उगाच रेंगाळायची. भूमिती ती अशी शिकवायची की आकृती आधी हवेत दिसायची आणि मग फळ्यावर उतरायची.

ती घरी शिकवण्या घेत होती. सुरुवात शेजारच्या एका मुलीपासून झाली. मग तिच्या मैत्रिणी आल्या, मग त्यांच्या आयांनी आणखी कुणाला पाठवलं. आता गच्चीवर पत्र्याची शेड होती आणि दाराशी नवऱ्याच्या नावाची पाटी. नवरा फक्त हजेरी घ्यायचा. आमच्या शाळेचीच मुलं, दोन्ही तुकड्यांतली. शाळेत लागताना आम्ही सगळ्यांनीच सही केली होती की खासगी शिकवणी घेणार नाही. नुसता शाळेचा नियम नाही, शिक्षण हक्काच्या कायद्यातही ते आहे. पण स्टाफरूममध्ये त्यावर कुणी बोलत नसे. मी एकदा बोलले होते.

"मी काय चोरी करते का?" ती म्हणाली होती. "शिकवतेच ना? ज्यांना येत नाही त्यांना शिकवते."

"पण ज्यांना येत नाही त्यांना शाळेतच शिकवायचं आपण. तुझ्याकडे न येणाऱ्या मुलांना काय वाटत असेल?"

"नक्को गं, तू फार विचार करतेस," असं म्हणून तिने तिच्या डब्यातली शेवटची सकिनालू, चकलीसारखी तांदळाची कडी, माझ्या झाकणात ठेवली. विषय तिथेच संपला.

ऑगस्टमध्ये त्या मुलीच्या आईने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही हिला घरी शिकवाल का? तुमच्याजवळ ती घाबरत नाही."

मी नाही म्हणाले.

"फक्त गणित. हवं तर रविवारी. हैदराबादेत सगळेच घेतात म्हणे."

"मी तिचा पेपर तपासते," मी म्हणाले. "घरी तिला शिकवून, तुमच्याकडून फी घेऊन, मग शाळेत तिला मार्क द्यायचे, हे जमत नाही. आणि ती माझ्या वर्गात आहे म्हणजे तिला समजावून सांगणं हे माझं कामच आहे. शाळा सुटल्यावर मी थांबते. कुणीही येऊन बसतं, फी नाही, काही नाही. तिलाही थांबू द्या."

तिने मान हलवली. पण शाळेची ऑटो सुटल्याबरोबर निघायची, आई बँकेतून सुटायची ती फार उशिरा, आणि एकट्या मुलीला रस्ता ओलांडून सिटीबसने पाठवायची तिची तयारी नव्हती. तिचं काय चुकलं? मी दार उघडं ठेवलं होतं, पण त्या दारापर्यंत यायला रस्ता नव्हता. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

काही दिवसांनी डबा खाताना मैत्रीण म्हणाली, "तुझ्या वर्गातली ती पुण्याची आली गं माझ्याकडे. गोड आहे. पण मधेच कुठे जाते ती? प्रश्न विचारला तर अशी बघते, जणू मी भिंत. काही आहे का तिच्या फाइलीत?"

मी पोळीचा तुकडा मोडत राहिले. ती चाळीस मुलांना एका नजरेत ओळखणारी बाई होती. तिला दिसणारच.

"विचारायचं तर तिच्या आईला विचार," मी म्हणाले.

"म्हणजे आहे काहीतरी."

"तसं मी म्हटलं नाही. कुणाबद्दलही विचारलंस तरी मी हेच म्हणेन."

"माझ्यापासून लपवतेस?" तिने हसत विचारलं, पण डबा नेहमीपेक्षा लवकर बंद केला. त्या दुपारी व्हरांड्यात ऊन इतकं पांढरं होतं की ती चालत गेली तेव्हा ती जिन्याशी पोचायच्या आधीच विरून गेल्यासारखी दिसली.

दसऱ्याच्या सुट्टीआधी सहामाही परीक्षा झाली. गणिताचा पेपर दोन्ही तुकड्यांना एकच असतो. त्या वेळी तो काढायची पाळी मैत्रिणीची होती. तपासायचे आपापल्या वर्गाचे.

मी रविवारी गॅलरीत बसून पेपर तपासत होते. खालच्या रस्त्यावर बतुकम्माच्या सणासाठी फुलं विकायला आलेल्या बाया बसल्या होत्या. पिवळ्या तंगेडूचे भारे, त्यांचा ओलसर रानटी वास वरपर्यंत येत होता. कुठल्या तरी गल्लीत बायका टाळ्या वाजवत गाणं म्हणत होत्या, आणि ते गाणं वाऱ्याबरोबर कधी जवळ येई, कधी लांब जाई. त्या मुलीचा पेपर हातात आला. शेवटचा प्रश्न समलंब चौकोनाचा होता. शेताची आकृती, एक कोपरा विहिरीसाठी सोडलेला, उरलेल्या जमिनीचं क्षेत्रफळ काढायचं. पेपरातला सगळ्यात अवघड. वर्गातल्या हुशार मुलांनीही तो अर्धा सोडला होता.

तिने पूर्ण सोडवला होता. एकही पायरी गाळली नव्हती. एक लंब टाकून चौकोनाचे दोन तुकडे केले होते, आणि त्या लंबाच्या पायथ्याशी नीट अक्षरात Z लिहिलं होतं.

मला इतका आनंद झाला की मी पेपर मांडीवर ठेवून खालची फुलं बघत बसले. वाटलं, ही मुलगी सारखी जाऊन येते, पण आज येताना काहीतरी घेऊन आली. खूप वर्षं शिकवलं की असा आनंद क्वचित होतो. मी तो लगेच संपू दिला नाही.

मग पुढचे पेपर पाहिले. आणखी एका मुलीचा तो प्रश्न बरोबर होता. लंबाच्या पायथ्याशी Z. मग एका मुलाचा. त्याला एरवी साधे अपूर्णांक जमत नाहीत. तिथेही Z. बाकीच्या मुलांनी E लिहिलं होतं, कुणी M, कुणी काहीच नाही. Z लिहिणारी सगळी मुलं बरकतपुऱ्याला माझ्या मैत्रिणीच्या गच्चीवर जाणारी होती.

बायकांचं गाणं चालूच होतं. मला ते ऐकू येईनासं झालं.

सोमवारी मी कुणालाच काही विचारलं नाही. मुलांना शिक्षकाविरुद्ध साक्षीला उभं करायचं नसतं, एवढं मला कळत होतं. पण मधल्या सुट्टीत ती मुलगी आपण होऊनच टेबलाशी आली. चेहरा उजळलेला.

"टीचर, शेवटचा प्रश्न आला मला! मला एकदम दिसला. गच्चीवर आम्ही तसाच केला होता ना, तेच शेत, तीच विहीर. मॅडम म्हणाल्या होत्या, हा नीट करून ठेवा."

"छान," मी म्हणाले. तिला ते पुरलं. ती उड्या मारत गेली.

संध्याकाळी मी मैत्रिणीबरोबर चालत निघाले. रोज आम्ही कोपऱ्यापर्यंत बरोबर जात असू. रस्त्यावर फुलांच्या पाकळ्या पडल्या होत्या आणि दिवे लागायच्या आधीचा तो निळसर उजेड होता, ज्यात सगळी माणसं ओळखीची वाटतात.

"शेवटचा प्रश्न तू शिकवणीत सोडवून घेतला होतास," मी म्हणाले.

ती दोन पावलं तशीच पुढे चालली. मग म्हणाली, "मी पेपर फोडला नाही. मी चांगली गणितं शिकवते. त्यातलं एक पेपरात आलं."

"पेपरात ते आपोआप आलं नाही. तू घातलंस."

"सगळ्यांना यावं म्हणून शिकवलं असतं तर?"

"सगळ्यांना शिकवलं असतंस तर मी बोललेच नसते. तुझ्या वर्गात शिकवलंस? फळ्यावर?"

ती थांबली. समोरून एक बाई डोक्यावर फुलांची परात घेऊन चालली होती. तिला वाट देण्यासाठी आम्ही दोघी भिंतीला टेकलो.

"ज्यांच्या घरून माझ्याकडे पाठवायला जमत नाही," मैत्रीण हळूच म्हणाली, "त्यांना नाही शिकवलं." आणि मग एकदम चिडून, "काय करायचं मी? त्यांच्या आया मार्क बघतात. मार्क आले नाहीत तर मुलं काढून नेतात. एकदा पाटी लावली की ती पाटीच आपल्याला ओढते गं."

मला तिचा राग आला नाही. मला भीती वाटली, की आता मी जे बोलेन त्यानंतर डब्याचं झाकण वेगळं होईल.

"तू हेडमिस्ट्रेसना सांग," मी म्हणाले. "निकाल अजून लागलेला नाही. तू सांगितलंस तर ते तुझं सांगणं असेल. नाहीतर उद्या मला सांगावं लागेल. तुझ्या मागे नाही सांगणार. तुला बरोबर घेऊन."

"तू माझी मैत्रीण आहेस ना?"

"हौ. म्हणून आधी तुला सांगतेय."

ती रस्ता ओलांडून गेली. मागे वळली नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूममध्ये माझ्याकडे न बघता बसली. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "चल." मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. ती उठली. जिना चढताना आमच्या साड्यांचे काठ पायऱ्यांवर घासल्याचा आवाज येत होता. त्या उंच जिन्यावर सकाळी एक तिरपी उन्हाची पट्टी पडते, तिच्यात धुळीचे कण फिरत होते. असं वाटलं की आम्ही दोघी कितीतरी वर्षं तो जिना चढतोच आहोत.

आमच्या हेडमिस्ट्रेस तेलुगू आहेत, आवाज कधी न चढवणाऱ्या. मी जे पाहिलं ते सांगितलं. मुलांची नावं घेतली नाहीत, त्या मुलीचं बोलणंही सांगितलं नाही. पेपर टेबलावर ठेवले. त्यांनी ते एकेक उलटून पाहिले. मैत्रिणीला विचारलं, "अम्मा, तुम्हाला काही म्हणायचंय?" ती म्हणाली, "विचार करून सांगते."

परीक्षा समितीची बैठक त्याच दिवशी झाली. परीक्षाप्रमुख म्हणून सामाजिक शास्त्रांचे एक सर होते. सरळ माणूस, पण तोंडाने फटकळ. गणिताचा पेपर दोन्ही तुकड्यांचा पुन्हा घ्यायचा, हे लवकर ठरलं. सगळ्यांचा. ठरावीक मुलांचाच घेतला तर त्यांच्या अंगावर शिक्का बसेल, आणि चूक तर मुलांची नव्हतीच. पेपर नववी-दहावीच्या शिक्षकांनी काढायचा, तपासायचाही त्यांनीच.

मग सर पेपरांची चळत चाळता चाळता थांबले. "पण ही? ही पुण्याची मुलगी? माझ्या तासाला ही उघड्या डोळ्यांनी झोपते. हिला पूर्ण मार्क? इतरांनी निदान शिकून लिहिलं असेल, हिने बाजूच्याचं बघून लिहिलंय. हिच्या आईला वेगळं बोलवा."

एक वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. ती झोपत नाही, तिला आजार आहे. एवढं म्हटलं असतं तर सर ओशाळले असते, सगळ्यांना तिची दया आली असती, आणि ती पुण्यात होती तीच मुलगी इथे झाली असती. मी हेडमिस्ट्रेसकडे पाहिलं. त्यांनाही माहीत होतं. त्यांची नजर शांतपणे माझ्यावर येऊन थांबली आणि त्या नजरेने मला काहीही सुचवलं नाही.

"तिचं वेगळं काही करायचं नाही, सर," मी म्हणाले. "तिने बघून लिहिलं असं म्हणायला आपल्याकडे काही नाही. नियम सगळ्यांना एकच."

"तुमच्या वर्गातली म्हणून बाजू घेता."

"ती बघून लिहिणारी नाही."

हे मी म्हटलं नव्हतं. माझी मैत्रीण बोलली होती. ती खिडकीशी बसली होती, प्रकाशाकडे पाठ करून, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता.

"मी शिकवलं ते तिला," ती म्हणाली. "घरी. तेच गणित, तीच आकृती. तिला कळेपर्यंत तीनदा काढून दाखवली. तिने जे लिहिलंय ते तिला कळलंय म्हणून लिहिलंय. तिला कुणी काही बोलायचं नाही. विचारायचं ते मला विचारा."

सरांनी पेपर खाली ठेवला.

माझ्या मैत्रिणीने त्याच दिवशी सगळी कबुली लिहून दिली. पेपर काढणं आणि परीक्षेचं काम तिच्याकडून काढून घेतलं, आणि शाळेच्या मुलांची शिकवणी बंद करायला सांगितलं. पुढचा निर्णय व्यवस्थापनाकडे गेला. या सगळ्यावर आम्ही कुणी बाहेर एक शब्द बोलायचा नाही, हेही ठरलं. तिच्याबद्दलही. तो आदर तिलाही मिळायला हवा होता.

मुलांना वर्गात एवढंच सांगितलं की पेपरात एक अडचण निघाली म्हणून तो पुन्हा होईल. कुरकुर झाली. ती मुलगी शाळा सुटल्यावर माझ्याजवळ आली.

"म्हणजे मला येत नव्हतं का, टीचर?"

"असं कुणी म्हटलं?"

"मुलं म्हणतात, शिकवणीतल्यांना आधीच मिळालं होतं." ती फळ्याकडे बघत होती. "मला वाटलं होतं, मला दिसलं."

"ते तुला दिसलंच होतं," मी म्हणाले. "आता दुसरं शेत घेऊ. बघू दिसतं का. नाही दिसलं तर बघायला शिकू."

तिची आई दुसऱ्या दिवशी आली, बँकेतून अर्धी रजा काढून. ती रागावलेली होती आणि तिचा राग सगळ्यात जास्त माझ्यावर होता.

"तुम्ही शिकवणी घेतली असतीत, तर मी तिकडे गेलेच नसते."

"मी घेतली असती, आणि पेपर काढायची पाळी माझी असती तर?" मी म्हणाले. "मग आज तुम्ही माझ्याबद्दल बोलत असता."

मग मी तिला ऑटोचं विचारलं. ते मला ऑगस्टमध्येच विचारायला हवं होतं, पण ते तेव्हा सुचलं नाही. त्याच भागातल्या आणखी दोन घरांना विचारून शाळा सुटल्यानंतरची उशिराची ऑटो ठरली. मग हळूहळू तिने स्वतःच दुसरा विषय काढला.

"ती वर्गात झोपते असं कुणी म्हटलं का?"

बैठकीत कोण काय बोललं ते मला सांगायचं नव्हतं. मी म्हणाले, "शिक्षकांना माहीत नसेल तर त्यांचा तसा समज होऊ शकतो. पण सांगायचं की नाही, ते तुम्ही दोघींनी ठरवा. तिलाही विचारा."

दोन दिवसांनी तिने एक चिठ्ठी पाठवली. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, कोणत्या शब्दांत, सगळं तिने आणि मुलीने मिळून लिहिलं होतं. फक्त तिला शिकवणाऱ्या शिक्षकांना. मुलांना नाही. शेवटी मुलीच्या अक्षरात होतं: मी परत आल्यावर कुठे थांबले होते तेवढं दाखवा, बस. मी ते शब्द जसेच्या तसे त्या शिक्षकांना वाचून दाखवले. सामाजिक शास्त्रांचे सर नंतर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

दसऱ्यानंतर शाळा उघडली तेव्हा हवा बदलली होती. सकाळी मैदानावर धुकं असे आणि प्रार्थनेला उभी मुलं कमरेपासून वर दिसत, जणू पाण्यात उभी आहेत. गणिताचा पेपर पुन्हा झाला. पर्यवेक्षक तेच सर होते. मी व्हरांड्यातून जात होते. पाहिलं तर ती मुलगी थांबली होती, पेन हवेत, नजर कुठेच नाही. सर तिच्या बाकाशी गेले. रागावले नाहीत, हलवलं नाही. नुसते उभे राहिले. ती परत आली तेव्हा त्यांनी प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवलं, जिथे ती थांबली होती तिथे, आणि पुढे निघून गेले.

शेवटचा प्रश्न तिचा अर्धाच बरोबर आला. लंब तिने भलत्याच बाजूला टाकला होता, पण तो कुणी शिकवलेला नव्हता. उत्तरपत्रिका हातात आल्यावर ती बराच वेळ त्या चुकलेल्या रेषेकडे बघत होती आणि मग म्हणाली, "इथून टाकायला हवा होता." तिने बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

माझ्या मैत्रिणीने वर्ष संपल्यावर नोकरी सोडली. तिला काढलं नव्हतं. आता ती स्वतःच्या नावाची पाटी लावून उघड वर्ग घेते, दुसऱ्या शाळांची मुलं येतात. ते उरलेलं वर्षभर ती माझ्याशी बोलली नव्हती. जूनमध्ये कोठी भागातल्या पुस्तकबाजारात समोरासमोर आलो. दोघींच्या हातात जुन्या गणिताच्या पुस्तकांच्या थप्प्या. ती म्हणाली, "त्या दिवशी जिन्यावर तू माझा हात धरला असतास तर मी तिथेच कोसळले असते, वर आलेच नसते. नाही धरलास ते बरं केलंस." मग आम्ही एका टपरीवर चहा घेतला. पूर्वीसारखं झालं नाही. पण चहा दोघींनी सावकाश प्यायला, आणि उठायची घाई कुणालाच नव्हती.

ती मुलगी नववीत गेली तेव्हा तिच्या नव्या वर्गशिक्षिकेला काय सांगायचं, हे मी पुन्हा तिच्या आईला विचारलं. पण ते फार दिवस झाकून राहिलं नाही, कारण जुलैत एका सकाळी तिने स्वतःच वर्गात उभं राहून सांगून टाकलं. मला ते तिने व्हरांड्यात गाठून सांगितलं, दम लागलेला, दप्तर एका खांद्यावर.

"सगळ्यांना?" मी विचारलं.

"सगळ्यांना. एकाने विचारलं, तू जातेस तेव्हा कुठे असतेस?"

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, मला माहीत नाही. कुठेच नसते, आणि मग इथेच असते." ती थोडी थांबली. "त्याला ते आवडलं, टीचर. तो म्हणाला, भारी आहे."

घंटा झाली. ती वर्गाकडे पळाली. करंजाच्या ओल्या पानांचा सडा पायऱ्यांवर पडला होता, त्यावरून ती घसरेल असं मला वाटलं. ती घसरली नाही.